दोन थरांच्या पीसीबीवर डिकपलिंग कपॅसिटर नेमका कुठे बसवायचा

सर्किट डायग्राममध्ये VCC आणि GND च्या मध्ये १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर काढला, तरी तो बोर्डवर कुठे बसणार हे डायग्राम सांगत नाही. सगळा फरक तिथेच पडतो. समजा, पिनपासून कपॅसिटरपर्यंत जाऊन परत येणारी वाट एकूण १० मिलिमीटर आहे. ढोबळमानाने मिलिमीटरला १ नॅनोहेन्री धरा, म्हणजे झाले १० नॅनोहेन्री. चिपने २ नॅनोसेकंदांत ५० मिलिअँपिअर जादा ओढले, तर एवढ्या वाटेवरच पाव व्होल्ट पडतो. कपॅसिटर मोठा घेऊन हा पाव व्होल्ट वाचत नाही, कारण अडचण त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेत आहे.

आता ३२ पिनांच्या TQFP पॅकेजमधला ATmega328P घ्या. त्याची ३ नंबरची पिन GND, ४ VCC, ५ GND, ६ VCC. जोड्या शेजारी-शेजारीच दिल्या आहेत, त्याचा फायदा उठवा. ट्रॅक ओढायला सुरुवात करण्याआधीच ३-४ समोर एक आणि ५-६ समोर एक कपॅसिटर चिपच्याच बाजूला टेकवून ठेवा. ७ आणि ८ वर क्रिस्टल येतो, त्यामुळे जागेची ओढाताण होते; मी तरी कपॅसिटरला आधी जागा देतो आणि क्रिस्टल एखाद-दोन मिलिमीटर सरकवतो. १८ नंबरच्या AVCC ला तिसरा कपॅसिटर लागतो, हा हमखास विसरला जातो.

चिपची GND पिन आणि कपॅसिटरचा ग्राउंड पॅड वरच्याच थरावर आखूड ट्रॅकने जोडा. मग पॅडला लागूनच व्हाया टाकून खालच्या ग्राउंड प्लेनमध्ये उतरा. प्रत्येक कपॅसिटरला स्वतःचा व्हाया द्या.

खालचा थर शक्यतो अखंड ठेवा. वेगवान सिग्नलचा परतीचा करंट त्या ट्रॅकच्या बरोबर खालून यायला बघतो. खालून एक लांब ट्रॅक आडवा नेला की प्लेनला चीर पडते, आणि वरून जाणाऱ्या SPI च्या क्लॉकचा करंट त्या चिरेला वळसा घालून येतो. लूप मोठा झाला की बोर्ड अँटेनासारखा गोंगाट करू लागतो. तो ट्रॅक वरूनच न्या. कुठे ओलांडायचंच असेल तर तेवढ्यापुरती खाली छोटी उडी मारा आणि लगेच वर या.

किकॅडमध्ये फक्त `B.Cu` थर चालू ठेवा, `B` दाबून झोन भरा आणि प्रत्येक क्लॉकच्या ट्रॅकखाली तांबं सलग आहे का ते बघा. बोर्ड हातात आल्यावर ऑसिलोस्कोपचं प्रोब थेट कपॅसिटरच्या दोन टोकांवर लावा, पण मगरक्लिपची लांब वायर काढून ग्राउंडची आखूड स्प्रिंग वापरा. नाहीतर त्या वायरचाच लूप गोंगाट पकडतो आणि तुम्ही चांगल्या बोर्डला दोष देत बसता.