प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये खरंच किती कॅफिन? घरच्या वजनकाट्यावर मोजा

जिममधला एक मुलगा तक्रार करत होता, "दादा, लेबलवर लिहिलंय तेवढंच घेतो, तरी रात्री दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही." म्हटलं, उद्या डबा घेऊन ये, आणि घरी छोटा वजनकाटा असेल तर तोही आण. दागिन्यांसाठी किंवा बेकिंगसाठी मिळतो तो, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्याच्याच डब्यावर आम्ही हिशेब केला, तो तुमच्या डब्यावरही तसाच करता येईल.

आधी डबा फिरवा. पुढची मोठी अक्षरं सोडून द्या. मागच्या तक्त्यात सर्व्हिंग साइझ, एकूण सर्व्हिंग आणि एका सर्व्हिंगमधलं कॅफिन एवढंच शोधा. या डब्यावर होतं : सर्व्हिंग १२ ग्रॅम (२ स्कूप), एकूण २० सर्व्हिंग, कॅफिन ३०० मिलिग्रॅम. म्हणजे सर्व्हिंग आणि स्कूप एकच नव्हेत. इथे एका स्कूपला १५० मिलिग्रॅम पडतं. दुसऱ्या डब्यावर एक स्कूप म्हणजेच एक सर्व्हिंग असेल, तिथे तेच ३०० एका स्कूपमध्ये येईल. डबा बदलला की जुनी सवय तशीच चालवू नका. निव्वळ वजनाला सर्व्हिंग साइझने भागूनही पाहा : २४० भागिले १२, वीस. जुळलं.

मग स्कूपचं वजन करा. काट्यावर रिकामी वाटी ठेवून शून्य करा आणि रोज भरता तसाच स्कूप भरून ओता. उगाच सभ्यपणे भरू नका! लेबलप्रमाणे ६ ग्रॅम यायला हवे होते. त्याचे आले ८.१, कारण तो डब्याच्या कडेला दाबून, वर शीग ठेवून भरत होता. पावडर दाबली की त्याच स्कूपमध्ये जास्त मावते, भुसभुशीत असली की कमी, म्हणून दोन-तीनदा मोजून सरासरी काढा.

आता गुणाकार. लेबलवरचं कॅफिन भागिले लेबलवरचे ग्रॅम : ३०० भागिले १२, म्हणजे ग्रॅमला २५ मिलिग्रॅम. गुणिले ८.१, म्हणजे स्कूपला सुमारे २०२. दोन स्कूपचे ४०५. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चिंतेचं नाही असं म्हटलं होतं. याच्या एका शेकरमध्ये दिवसभराचा कोटा संपत होता, आणि दिवसभरातले चहा वेगळेच. लेबलप्रमाणे अगदी मोजून घेतलं असतं, तरी ३०० एका वेळेसाठी जास्तच.

झोपेचं कोडंही इथेच सुटलं. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. माणसागणिक बरंच कमी-जास्त. संध्याकाळी सातला घेतलेल्या ४०५ पैकी रात्री बाराला दोनशेच्या आसपास शिल्लक. अंगाला मुंग्या येतात ते मात्र कॅफिनमुळे नव्हे, पावडरमधल्या बीटा-ॲलनिन या दुसऱ्या घटकामुळे. मुंग्या आल्या नाहीत म्हणून आणखी एक स्कूप टाकणारे पाहिलेत मी.

घटकांची यादीही वाचा. कॅफिन अनहायड्रस, डायकॅफिन मॅलेट, ग्वाराना, ग्रीन कॉफी अर्क ही सगळी कॅफिनचीच दारं आहेत. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून सगळ्यांचं मिळून एकच वजन दिलं असेल आणि कॅफिनचा आकडा वेगळा नसेल, तर हा हिशेब होऊच शकत नाही. असा डबा मी घेत नाही. शिवाय काटा फक्त लेबलवरचा आकडा तुमच्या स्कूपला लावून देतो. लेबलच खोटं असेल तर ते त्याला कळत नाही.

क्रिएटिनचं गणित वेगळं ठेवा. या डब्यात दोन स्कूपला ३ ग्रॅम क्रिएटिन होतं. कॅफिनसाठी एका स्कूपवर आलो की ते दीड ग्रॅमवर येतं, मग मुलं म्हणतात, क्रिएटिन कमी पडतंय, घे अजून एक. त्यापेक्षा साध्या क्रिएटिन मोनोहायड्रेटचा स्वतंत्र डबा घ्या. त्यात कॅफिन नसतं, रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतं, वेळ कोणतीही चालते आणि सुट्टीच्या दिवशीही घ्यायचं असतं. तोही स्कूप एकदा मोजा. २५० ग्रॅमचा डबा ३ ग्रॅमप्रमाणे ८३ दिवस जायला हवा. दोन महिन्यांत संपला तर तुम्ही रोज चार ग्रॅमच्या वर घेताय. त्याने बिघडत नाही, पण पैसे जातात. रक्ततपासणी असेल तर डॉक्टरांना क्रिएटिनचं सांगून ठेवा, कारण त्याने क्रिएटिनिनचा आकडा वर दिसू शकतो. रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर प्री-वर्कआउट डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

त्या मुलाच्या स्कूपमध्ये आम्ही ६ ग्रॅम पावडर मोजून टाकली, हलकेच सपाट केली आणि ती जिथपर्यंत आली तिथे बाहेरून मार्करने रेघ मारली. आता तो रेघेपर्यंत एकच स्कूप घेतो, तोही सकाळच्या बॅचला.