‘फॉलो करा’ म्हणून थांबू नका: सेव्ह आणि कमेंट मागताना या चुका टाळा

मे महिना लागला की मराठवाड्यातल्या शेतीच्या पेजवर एक रील हमखास येते: घरच्या सोयाबीनची उगवण कशी तपासायची. माहिती बहुतेक वेळा चोख असते. सरमिसळ बियाण्यातून १०० दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, गोणपाट सुकू देऊ नका आणि सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले कोंब मोजा. ७० उगवले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. त्याखाली प्रत्येक टक्क्याला साधारण अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे ६५ ला साडेबत्तीस आणि ६० ला ३५ किलो.

एवढं नीट सांगून झाल्यावर शेवटी वाक्य येतं: “अशाच माहितीसाठी पेजला फॉलो करा, लाईक करा, शेअर करा, बेल दाबा.” इथेच रीलचं नुकसान होतं. ते कसं होतं आणि ते वाक्य कसं सुधारायचं, हे याच एका रीलवर पाहू.

एका दमात चार गोष्टी मागणं

रील संपताना बघणाऱ्याचा अंगठा पुढच्या रीलकडे निघालेला असतो. तेवढ्या वेळात तो फार तर एक काम करेल. चार सांगितली तर कोणतं करायचं हे ठरवण्याआधीच तो पुढे जातो. त्यातही ‘फॉलो’ हे सगळ्यात महाग मागणं आहे. तुमची एक रील पाहिलेल्या माणसाला तुमच्या पुढच्या सगळ्या रील्स हव्यात, हे तुम्ही गृहीत धरता. औसा तालुक्यातल्या त्या शेतकऱ्याला आत्ता फक्त आपल्या घरातलं पोतं पेरण्यालायक आहे का, हे बघायचं आहे. त्याच्याकडून जे मागायचं ते याच कामातून निघालं पाहिजे.

म्हणून लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही माहिती बघणाऱ्याला आत्ता लागणार आहे की नंतर? नंतर लागणार असेल तर सेव्ह मागा. त्याच्याकडे आत्ताच एखादं उत्तर असेल आणि ते तुम्हाला खरोखर हवं असेल, तर कमेंट मागा. दोन्ही नसेल तर काहीच न मागता रील संपवली तरी चालते.

नुसतं ‘सेव्ह करून ठेवा’ म्हणणं

सेव्ह म्हणजे माणसाने स्वतःच्या उद्यासाठी ठेवलेली वस्तू. ती कधी उघडायची हे त्याला कळलं तरच तो ठेवतो. त्यामुळे वाक्यात वेळ आली पाहिजे. “व्हिडिओ सेव्ह करा” यापेक्षा “सेव्ह करा, सात दिवसांनी गोणपाट उलगडाल तेव्हा किलोचा हिशोब इथेच बघायचा आहे” हे वाक्य काम करतं. गोणपाट उलगडण्याचा तो क्षण शेतकऱ्याला डोळ्यांसमोर दिसतो, आणि आकडे तोपर्यंत लक्षात राहणार नाहीत हे त्याला ठाऊक असतं.

पण इथे आणखी एक अडचण असते, आणि बऱ्याच पेजची गाडी तिथेच अडते. सेव्ह करून ठेवावं असं रीलमध्ये काही दिसतच नाही. किलोचे आकडे तोंडी सांगितलेले असतात किंवा तक्ता दोन सेकंद झळकून जातो. सात दिवसांनी तो माणूस रील उघडून पुन्हा सगळं ऐकत बसणार नाही. त्याला एका नजरेत आकडा हवा. तेव्हा तक्ता मोठ्या अक्षरात, किमान पाच-सहा सेकंद स्थिर ठेवा आणि तोच कॅप्शनमध्येही लिहा:

७० उगवले: एकरी ३० किलो
६८ उगवले: ३१ किलो
६५ उगवले: साडेबत्तीस किलो
६० उगवले: ३५ किलो

असा तक्ता रीलपेक्षा फोटोंच्या पोस्टमध्ये जास्त शोभतो, कारण तिथे थांबून वाचता येतं आणि सेव्हचं चिन्ह फोटोखाली समोरच असतं. रीलमध्ये ते बऱ्याच जणांच्या फोनवर तीन टिंबांच्या आत असतं. नव्याने इन्स्टाग्राम वापरणाऱ्या काकांना ते सापडत नाही. तुमचे बघणारे तसे असतील तर “तीन टिंबं दाबा, तिथे सेव्ह आहे” असं बोलून दाखवण्यात कमीपणा नाही.

वाक्याची जागाही तपासा. शेवटच्या सेकंदाला केलेली विनंती शेवटपर्यंत थांबलेलेच ऐकतात. तक्ता पडद्यावर असतानाच सेव्हचं बोला, कारण हात तेव्हाच तिकडे जातो. कॅप्शनमध्येही तीच गोष्ट. सुरुवातीच्या ओळी सोडल्या तर बाकीचा मजकूर दडलेला असतो. तिथे “नमस्कार शेतकरी बांधवांनो” लिहिण्यात जागा घालवू नका. पहिलीच ओळ “घरचं सोयाबीन पेरण्याआधी हा तक्ता जवळ ठेवा” अशी असू द्या.

ज्याचं उत्तर आज नाही, ते आज विचारणं

ही चूक हुशार लोकांकडूनही होते. उगवणीच्या रीलखाली विचारलेलं असतं: “तुमचे १०० पैकी किती उगवले, कमेंटमध्ये सांगा.” प्रश्न उत्तम आहे, पण रील बघणाऱ्याने अजून दाणे भिजवलेलेच नाहीत. उत्तर यायला आठवडा आहे, आणि आठवड्याने कुणी त्या रीलवर परत येऊन आकडा लिहीत नाही. मग कमेंटमध्ये चार नमस्कार आणि दोन हात जोडलेले इमोजी पडतात, आणि पेजवाल्याला वाटतं की लोक बोलतच नाहीत.

याला उपाय दोन पोस्टचा आहे. पहिल्या पोस्टमध्ये फक्त सेव्ह मागा. सात-आठ दिवसांनी उलगडलेल्या गोणपाटाचा फोटो टाका आणि मग विचारा: “१०० पैकी किती आले? आकडा आणि तालुका लिहा, एकरी किती किलो टाकायचं ते खाली सांगतो.” आता त्याच्याकडे उत्तर आहे, ते दोन शब्दांत लिहिता येतं आणि लिहिल्याचा त्याला फायदाही आहे. कुणी “६४, रेणापूर” लिहिलं की तुम्ही “एकरी ३३ किलो, आणि पेरणीआधी बीजप्रक्रिया चुकवू नका” असं उत्तर द्या. अशी पाच-सहा उत्तरं पडली की पुढचे लोक आपापले आकडे घेऊन येतात. त्यातली सगळ्यांच्या कामाची कमेंट वर पिन करा.

पहिल्याच पोस्टवर कमेंट हवी असेल तर आज माहीत असलेलं विचारा. “यंदा बियाणं घरचं की विकतचं?” किंवा “वाण कोणता, जेएस ३३५, एमएयूएस ७१, फुले संगम की दुसरा?” पर्याय समोर ठेवले की लिहिणं सोपं होतं. “कसा वाटला व्हिडिओ?” याला उत्तर देण्यासारखं काही नसतं.

पैठणला पैठणीचं काम दाखवणाऱ्यांनाही हेच लागू. घडी कशी बदलावी, साडी कशात गुंडाळून ठेवावी ही पोस्ट सेव्हची. पदरावर मोर घ्यावा की बांगडी मोर, हा प्रश्न कमेंटचा.

‘यस लिहा’ म्हणून कमेंट गोळा करणं

“शेतकरी असाल तर जय किसान लिहा.” अशाने कमेंटचा आकडा वाढतो, पण त्यात बोलण्यासारखं काही नसतं. फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं की अशा ओढूनताणून कमेंट, लाईक, टॅग मागणाऱ्या पोस्ट खाली ढकलल्या जातील. खरा सल्ला किंवा मदत मागणाऱ्या पोस्टना त्यातून वगळलं होतं. फरक साधा आहे: कमेंटमधलं उत्तर वाचून तुम्ही पुढे काही करणार आहात का?

“तक्ता हवा असेल तर ‘बियाणं’ लिहा, मेसेजमध्ये पाठवतो” हा प्रकार सध्या फार दिसतो. हाताने पाठवणार असाल तर एक लक्षात घ्या. तुम्हाला फॉलो न करणाऱ्याकडे तुमचा मेसेज बहुधा रिक्वेस्टच्या कप्प्यात जातो आणि तो कप्पा बरेच जण कधी उघडतच नाहीत. त्याला वाटतं तुम्ही शब्द पाळला नाही. चार ओळींचा तक्ता असेल तर तो कॅप्शनमध्येच द्या. पेरणी तोंडावर असलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नका.

चारचौघांत बोलता येत नाही ते कमेंटमध्ये मागणं

“बियाणं उगवलं नाही का? कुठून घेतलं होतं ते लिहा.” या प्रश्नाला गावाकडे शांतता मिळते, आणि त्याचं कारण समजून घ्यायला हवं. दुकानदार ओळखीचा असतो, उधारी त्याच्याकडेच असते, आणि कमेंटमधलं नाव सगळा तालुका वाचतो. पीककर्ज, दुबार पेरणी, घरातलं आजारपण यांचंही तसंच. सेव्ह मात्र खासगी असतं. कुणी सेव्ह केलं हे गावाला दिसत नाही, तुम्हालाही नावं दिसत नाहीत, फक्त संख्या दिसते. म्हणून अशा विषयावर सेव्हच मागा: “उगवण झाली नाही तर तक्रार अर्जासोबत पावती, पिशवी आणि टॅग लागतं. ही यादी सेव्ह करून ठेवा.” पोस्टवर कमेंट शून्य आणि सेव्ह भरपूर असतील, तर ती पोस्ट पडली असं समजू नका.

आणि पीकविम्याच्या पोस्टखाली “मोबाईल नंबर टाका, संपर्क करतो” असं कधीही लिहू नका. लोक खरोखर नंबर टाकतात, आधारचे फोटोसुद्धा टाकतात, आणि ते फसवणाऱ्यांच्या हाती लागतात. कुणी टाकलाच तर ती कमेंट लगेच काढा.

आकडे चुकीच्या मापाने मोजणं

सेव्ह किती झाले हे लाईकशी ताडून पाहू नका, पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचली त्याच्याशी पाहा. इनसाइट्समध्ये दोन्ही आकडे मिळतात. समजा एक रील ४,००० जणांपर्यंत गेली आणि २० सेव्ह आले, म्हणजे हजारी ५. दुसरी ९०० जणांपर्यंतच गेली पण सेव्ह १८ आले, म्हणजे हजारी २०. दुसरी लहान दिसते, पण तिची विनंती चौपट चालली. तुलना एकाच जातीच्या पोस्टमध्ये करा. तक्त्याची पोस्ट आणि बैलपोळ्याची रील एका मापात बसत नाहीत.

सेव्ह वाढले की रीच आपोआप वाढेल, हेही धरून चालू नका. इन्स्टाग्रामने जून २०२१ मध्ये फीडसाठीच्या महत्त्वाच्या संकेतांत कमेंट आणि सेव्ह यांची नावं घेतली होती. जानेवारी २०२५ मध्ये मात्र त्याचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी किती वेळ पाहिलं, लाईक आणि दुसऱ्याला पाठवणं या तिन्हींवर भर दिला. माणूस पहिल्या तीन सेकंदांतच निघून जात असेल तर शेवटचं वाक्य कितीही घासूनपुसून उपयोग नाही, आधी सुरुवात दुरुस्त करा.

‘फॉलो करा’ म्हणायला एकच जागा शोभते: पुढचा भाग खरोखर येणार असेल तिथे. “गुरुवारी बीजप्रक्रिया करून दाखवतो, फॉलो करून ठेवा.” मग गुरुवारी ती रील टाका.