साध्या उर्दूत हम्द लिहायची तर

हम्द म्हणजे अल्लाहची स्तुती. प्रेषितांची स्तुती ती नात, ती वेगळी लिहावी. गझलेसारखे शेर, प्रत्येक शेराच्या दोन ओळी, आधी पाचच शेर लिहा.

संबोधन ‘तू’च ठेवा. आदर म्हणून अल्लाहला ‘आप’ म्हणायचा सल्ला चुकीचा आहे. तो एकच आहे, म्हणून उर्दू कवी त्याला एकवचनीच हाक मारतो. गझलेतली प्रेयसी मात्र बाहेर ठेवा: ज़ुल्फ़ नको, रुख़्सार नको आणि ‘सनम’ तर मुळीच नको, कारण त्या शब्दाचा मूळ अर्थच मूर्ती.

बहर घ्या फ़ऊलुन चार वेळा, म्हणजे ल गा गा, ल गा गा. मराठीत हेच भुजंगप्रयात. मनाचे श्लोक पाठ असतील तर चाल कानात आहेच.

अता तूने की है ये शाम-ओ-सहर भी
तिरा ही करम है दुआ में असर भी

तोडून बघा: अ-ता-तू, ने-की-है, ये-शा-मो, स-हर-भी. ‘हर’ उच्चारात एकच गुरू होतो. ‘ने’, ‘ये’, ‘की’ अशा बोलीतल्या शब्दांचा शेवटचा स्वर गरजेनुसार दाबून लघू करता येतो, पण ‘अता’, ‘दुआ’ या अरबी शब्दांचा ‘आ’ दाबू नये.

आता खरी अडचण. ‘मात्रा मोजा, वीस भरल्या की झालं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मीही तसंच करायचो. याच हम्दमध्ये मी लिहिलं होतं:

बयाबाँ भी तेरे, ये तेरे शहर भी

वीस मात्रा बरोबर भरत होत्या. मालेगावच्या एका बैठकीत हे वाचल्यावर एका वडीलधाऱ्यांनी थांबवलं, “बेटा, शहर नहीं, शह्र.” उर्दूत तो शब्द शह्-र, म्हणजे गा-ल आहे. ‘शह्र भी’ म्हटलं की गा-ल-गा होतं. मात्रा पाचच राहतात, पण क्रम उलटतो, आणि ‘सहर’शी काफ़ियाही जुळत नाही. मी ‘शहर’ काढून ‘शजर’ (झाड) घातला आणि ओळ सरळ झाली.

हम्दमध्ये ही चूक वारंवार होते, कारण शुक्र, ज़िक्र, सब्र, फ़ज्र हे सगळे शब्द गा-ल आहेत आणि आपण ते शुकर, फ़जर असे बोलतो. शंका आली की पुढे ‘ए’ जोडून म्हणा. ‘शुक्र-ए-ख़ुदा’ म्हणताना शुक्-रे असे दोनच ठोके पडतात, तर ‘असर-ए-दुआ’ला अ-स-रे असे तीन. दोन ठोके आले तर शब्द सहर-असरच्या रांगेत बसवू नका. तो ओळीच्या मध्ये वापरा, तिथे तो छान बसतो:

तिरा शुक्र लब पर, तिरा ज़िक्र दिल में

ति-रा-शुक्, र-लब-पर, ति-रा-ज़िक्, र-दिल-में. याखाली ‘भी’वर संपणारी दुसरी ओळ तुम्ही लिहा. काफ़ियासाठी ख़बर, नज़र, बशर, क़मर मोकळे आहेत.