मायटॉसिस-मिऑसिसची तुलना लिहिताना या चुका टाळा

अकरावी-बारावीचे पेपर तपासताना दरवर्षी तीच चूक दिसते, क्रोमोसोमऐवजी क्रोमॅटिड मोजायचे. मागे एका अभ्यासू मुलीने फरकाचा बारा मुद्द्यांचा सुंदर तक्ता लिहिला होता, खाली प्रश्न होता की कांद्यात 2n = 16 तर प्रत्येक टप्प्यात क्रोमोसोम किती. तिने लिहिलं, एस फेजनंतर ३२, मिऑसिस एकनंतर १६, दोननंतर ८. शेवटचं उत्तर बरोबर आल्यामुळे तिला शंकाच आली नाही! खरं तर ३२, १६, ८ असं कमी होत जातं ते डीएनएचं प्रमाण. एस फेजमध्ये डीएनए दुप्पट होतो पण दोन्ही क्रोमॅटिड एकाच सेंट्रोमिअरला धरून असतात, म्हणून क्रोमोसोम १६च राहतात, आणि संख्या निम्मी होते ती मिऑसिस एकमध्येच.

मी वर्गात टिच बटणं आणि लोकर घेऊन जाते. बटणाच्या दोन्ही भागांना एकेक धागा बांधायचा आणि बटण बंद करायचं, हा झाला एक क्रोमोसोम. धागे दोन असले तरी मोजायचं बटण. असे चार करा, एक लांब जोडी, एक आखूड, प्रत्येक जोडीत एक लाल एक निळा. मायटॉसिसच्या अ‍ॅनाफेजला चारही बटणं टचकन उघडायची, सुटा झालेला प्रत्येक भाग आता स्वतंत्र क्रोमोसोम, म्हणजे दोन्हीकडे चार-चार. मिऑसिस एकमध्ये मात्र बटणाला हात लावायचा नाही, लाल-निळ्याची जोडी फक्त लांब करायची, दोन्हीकडे दोन-दोन बंद बटणं जातात. ती उघडतात मिऑसिस दोनमध्ये, आणि मध्ये पुन्हा एस फेज नसते.

हेच कांद्यात शेजारी शेजारी ठेवून बघा:

| | मायटॉसिस | मिऑसिस १ | मिऑसिस २ (एका पेशीत) |
|---|---|---|---|
| मेटाफेज | १६ सुटे | १६, पण ८ जोड्यांत | ८ सुटे |
| काय वेगळं होतं | सेंट्रोमिअर दुभंगतो | जोडीदार | सेंट्रोमिअर दुभंगतो |
| प्रत्येक टोकाला | १६ | ८ | ८ |

बारा मुद्दे पाठ करण्याआधी एवढे तीन स्वतः चित्र काढून लिहा, ज्यांना घाई असते ते "एकात दोन पेशी, दुसऱ्यात चार" एवढ्यावर थांबतात आणि आकडा विचारला की अडकतात.

क्रॉसिंग ओव्हर एकाच क्रोमोसोमच्या दोन क्रोमॅटिडमध्ये दाखवू नका, लाल धाग्याचा तुकडा निळ्यावर गेला पाहिजे.

आणि कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या स्लाइडवर मिऑसिस शोधत बसू नका, तिथे मायटॉसिसच चालतं, मिऑसिस बघायचं तर न उमललेल्या कळीतले कोवळे परागकोश घ्यावे लागतात.