न्हाणीघराच्या फरशीखालचे वॉटरप्रूफिंग आणि पाणी साठवून त्याची चाचणी

न्हाणीघरातली टाइल पाणी अडवते हा समज चुकीचा आहे. टाइल स्वतः पाणी फारसे शोषत नसली, तरी तिच्या सांध्यांतून ते हळूहळू खाली झिरपतेच, आणि ते अडवण्याचे काम टाइलखालच्या थराला करावे लागते. हा थर सपाट भागात सहसा दगा देत नाही. तो फसतो तो कोपऱ्यांत आणि त्याहून अधिक वेळा पाइपाच्या भोवती.

उदाहरणादाखल ५ फूट बाय ७ फुटांचे, खोलगट म्हणजे ‘संकन’ स्लॅबचे जुने न्हाणीघर घेऊ. जुना भराव स्लॅबपर्यंत काढून पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून धुवावा. भेगा दिसतील तिथे त्या थोड्या रुंद करून पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भराव्यात, आणि भिंत व स्लॅब जिथे काटकोनात मिळतात तिथे त्याच मॉर्टरची गोलाई काढावी, कारण काटकोनात लेप ताणला जाऊन चिरतो.

यानंतर पाइपांकडे वळावे, आणि या कामात घाई करू नये. पीव्हीसी पाइप गुळगुळीत असतो व तापमानाबरोबर आकुंचन-प्रसरण पावतो, त्यामुळे भोवतीचे सिमेंट त्याला धरून राहत नाही आणि कडेने केसाएवढी फट पडते. म्हणून पाइपाभोवती साधारण २५ मिमी रुंद आणि तितकीच खोल खाच छिन्नीने काढावी, पाइपाचा तेवढा भाग पॉलिश पेपरने खरबरीत करावा, धूळ पुसावी आणि खाच न आकसणाऱ्या ग्राउटने भरावी. वरचे १० मिमी मोकळे ठेवून ग्राउट वाळल्यावर तिथे पॉलियुरेथेन सीलंट भरावे, म्हणजे पाइप किंचित हलला तरी फट उघडत नाही. साधे सिमेंट लिंपून ‘झाले साहेब’ म्हणणारा मिस्त्री भेटला, तर त्याला तिथेच थांबवावे.

लेपासाठी द्रव पॉलिमर आणि सिमेंटची पूड असे दोन भाग एकत्र करून वापरायचे मिश्रण सोयीचे पडते. पृष्ठभाग ओलसर करावा, पण त्यावर पाणी साचलेले नसावे. पहिला हात एका दिशेने, तर तो सुकल्यावर दुसरा त्याला आडवा द्यावा. गोलाईवर आणि पाइपाच्या बुडाशी दोन हातांच्या मध्ये फायबरची जाळी दाबून बसवावी. लेप भिंतीवर किमान एक फूट, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत, आणि पाइपावर सुमारे १०० मिमी चढवावा. त्यानंतर पाकिटावर सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत पाणी सोडू नये.

चाचणीसाठी सर्व निचऱ्यांची तोंडे घट्ट बंद करावीत, न्हाणीघराचा मुख्य कॉक बंद करावा (ठिबकणारा नळ गळती लपवतो) आणि ५० मिमी पाणी भरून भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करावी. शेजारी पाण्याने भरलेली, सरळ काठाची बादली ठेवून तिच्यातही खूण करावी, कारण बादलीतली घट ही निव्वळ बाष्पीभवनाची असते. निरीक्षण ४८ तास, शक्य असल्यास ७२ तास चालू ठेवावे. काँक्रीटमधून ओल खाली उतरायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या दिवशी खालच्या घराचे छत कोरडे दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये.

या आकाराच्या न्हाणीघरात पातळी १ मिमी उतरली, तर जवळपास सव्वातीन लिटर पाणी कमी होते. मी पाहिलेल्या एका ठिकाणी दोन दिवसांत पातळी १४ मिमी, तर बादलीतली २ मिमी उतरली, म्हणजे सुमारे ३९ लिटर पाणी कुठेतरी गेले होते. तिसऱ्या दिवशी मात्र दोन्हीकडची घट सारखीच झाली. पाणी ज्या उंचीवर थांबले, तिथेच एका पाइपावरच्या लेपाची कड संपत होती. घासायचे राहून गेल्यामुळे ती कड सुटली होती आणि तिच्यामागून पाणी उतरत होते. घट कुठे थांबते याची नोंद ठेवली, की छिद्राची उंची अशी आपोआप कळते. निचऱ्याचा बूच गळत असेल तर मात्र खोटी घट दिसते, म्हणून खालच्या पाइपात थेंब पडताना ऐकू येतात का, तेही पाहावे.

चाचणी यशस्वी झाल्यावर भराव व त्यावर नहाणी ट्रॅपकडे उतार करावा, साधारण १०० मिमीला १ मिमी. उतार टाइलमध्ये नव्हे, तर लेपाखालच्या थरातच असावा, नाहीतर सांध्यांतून उतरलेले पाणी टाइलखाली तुंबते. या उतारावर पुन्हा लेप देऊन तो ट्रॅपच्या तोंडात आतपर्यंत वळवावा आणि टाइल लावण्यापूर्वी दुसरी चाचणी घ्यावी. ही चाचणी भिंतीवरचा वरचा लेप किंवा दाबाखालच्या नळांचे सांधे तपासत नाही, त्यामुळे नळांची प्रेशर टेस्ट आधीच उरकावी. टाइल बसल्यावर कमोडचे स्क्रू फरशीत ठोकायचे असतील, तर ते किती खोल जातात हे प्लंबरला अगोदर विचारावे आणि भोकात सीलंट भरल्याशिवाय स्क्रू बसवू देऊ नये.