मिनिमम ड्यू भरला, तरी बाकी हलेना

माझा मावसभाऊ आणि वहिनी राजारामपुरीत भाड्यानं राहतात. लग्नानंतर फ्रिज, वॉशिंग मशीन असं चाळीस हजारांचं सामान क्रेडिट कार्डावर घेतलं. दर महिन्याला ॲपवर मिनिमम ड्यू दिसायचा, म्हणजे किमान भरायची रक्कम, बाकीच्या साधारण पाच टक्के. तेवढा भरला की दादा निवांत.

सहा महिन्यांनी रंकाळ्यावर भडंग खाताना वहिनींनी स्टेटमेंट उघडलं. भरलेले पावणेबारा हजार आणि बाकी अजून अडतीस हजार! "अवो, मग आपलं पैसं गेलं कुठं?"

गेले व्याजात. त्यांच्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के. चाळीस हजारांवर चौदाशे, त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे आणखी २५२. दोन हजारांतले १६५२ असेच गेले, मुद्दल कमी झालं जेमतेम साडेतीनशेनं. मिनिमम भरल्यानं लेट फी टळते, व्याज टळत नाही. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. बिनव्याजी मुदत मिळतच नाही. (हे दादाला माहीतच नव्हतं.)

आता कार्ड कपाटात आहे. बाकी घटली तसा मिनिमम ड्यूही घटतो, म्हणून त्याकडं न बघता दर महिन्याला ठरलेले पाच हजार भरतात. या हिशेबानं साधारण नऊ महिन्यांत फिटेल. एवढं जमत नसेल तर बँकेला बाकीचा ईएमआय करून मागा. व्याज बहुधा बरंच कमी पडतं, फक्त प्रोसेसिंग फी आधी विचारा.