पाच किलोवॅटचं सोलर पाच किलोवॅट का देत नाही? कोटेशन आणि ॲप असं वाचा

कोटेशनवर नुसतं ‘५ किलोवॅट सोलर सिस्टीम’ लिहिलं असेल तर सही करू नका. सिस्टीमला आकडे दोन असतात, एक पॅनेलचा आणि एक इन्व्हर्टरचा, आणि ‘पाच’ त्यातला कुठला हे विकणारा आपल्या सोयीने सांगतो. इन्व्हर्टर पाचचा आणि पॅनेल चारची, अशी जोडीही ‘पाच किलोवॅट’ म्हणून विकली जाते.

पहिलं काम सोपं आहे. पॅनेलची संख्या गुणिले एका पॅनेलचे वॅट. ५५० वॅटची ९ पॅनेल म्हणजे ४,९५० वॅट, म्हणजे साधारण ५ किलोवॅट पीक. हा पॅनेलचा आकडा.

दुसरं काम त्याहून सोपं. इन्व्हर्टरच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर एसी आउटपुट किती ते पाहा. समजा ५ किलोवॅट. ही त्याची वरची मर्यादा: पॅनेलकडून कितीही आलं तरी पाचच्या वर तो देणार नाही. पण म्हणून तो रोज पाच देईल असंही नाही. पॅनेलकडून येईल तेवढंच तो पुढे पाठवतो, थोडी कपात करून. (घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी याचा संबंध नाही. महावितरणची वीज गेली की नेट मीटरवाला साधा सोलर इन्व्हर्टरही बंद होतो.)

आता खरी मेख, ‘पीक’ या शब्दात. मीही इथे बराच काळ घोटाळत होतो, कारण कुणी नीट सांगत नाही. ‘थोडे लॉसेस असतातच’ म्हणून विषय संपवतात. पॅनेलच्या मागे छापलेले ५५० वॅट हे कारखान्यातल्या चाचणीतले असतात. तिथे पॅनेलवर दर चौरस मीटरला १००० वॅट इतका प्रकाश क्षणभर पाडतात आणि पॅनेलमधल्या सेलचं तापमान २५ अंश ठेवतात. हवेचं नव्हे, सेलचं. १००० वॅटचं ऊन आपल्या गच्चीवर पडू शकतं. पण त्या उन्हात २५ अंशांचा सेल? हात लावून बघायला जाऊ नका, भाजेल.

भर उन्हात सेल हवेपेक्षा २५ ते ३० अंशांनी जास्त तापतो. आणि सिलिकॉनचं पॅनेल तापलं की त्याची वीज कमी होते, वाढत नाही. ‘मे महिन्यात कडक ऊन, म्हणजे सर्वात जास्त वीज’ हे ऐकलं की माझं डोकं उठतं. सध्या छपरांवर दिसणाऱ्या बहुतेक मोनो पॅनेलमध्ये २५ च्या वरच्या प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्के वीज घटते. नेमका आकडा डेटाशीटवर ‘टेम्परेचर कोएफिशंट’समोर असतो, उणे चिन्ह लावून. पीमॅक्सची, म्हणजे कमाल वॅटची, ओळ पाहा, व्होल्टेजची नाही.

एक हिशोब पूर्ण करू. पुण्यातली एप्रिलची दुपार, हवा ३५ अंश, पॅनेलवर ९०० वॅटचं ऊन. ४,९५० चे आधीच झाले ४,४५५. सेल ६३ अंशांवर, म्हणजे २५ पेक्षा ३८ अंश वर. घट सुमारे १३ टक्के. राहिले ३,८६०. पंधरा दिवस न धुतलेल्या पॅनेलवर ४ टक्के धूळ धरली तर ३,७००. तारा आणि पॅनेलांमधला लहानसा फरक मिळून ३ टक्के: ३,६००. इन्व्हर्टर डीसीचं एसी करताना आणखी ३ टक्के खातो. इन्व्हर्टरच्या ॲपवर दिसेल ३.५ किलोवॅटच्या आसपास.

काहीही बिघडलेलं नाही. पाचच्या सिस्टीमने एप्रिलच्या दुपारी साडेतीन दिले तर ती ठणठणीत आहे. तीच फेब्रुवारीतल्या गार, वाऱ्याच्या दिवशी चारला टेकेल. पावसाळ्यात दोन ढगांच्या फटीतून ऊन आलं की दोन-चार मिनिटं आकडा उसळतो, कारण पॅनेल धुतलेली आणि थंड असतात आणि ढगांच्या कडांवरूनही उजेड विखुरून येतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून विक्रेत्याला ‘बघा, तेव्हा कसं चालत होतं’ म्हणू नका.

यानंतर लोक हमखास एक चुकीचा निष्कर्ष काढतात: इन्व्हर्टर मोठा घेऊ. त्याने एक वॅटही वाढत नाही. साडेतीन देणाऱ्या पॅनेलांपुढे पाचचा इन्व्हर्टर आधीच रिकामा बसलाय. पैसे खर्चायचेच असतील तर पॅनेल वाढवा. त्याच पाचच्या इन्व्हर्टरला ९ ऐवजी ११ पॅनेल लावली, म्हणजे ६,०५० वॅट, तर एप्रिलच्या त्याच दुपारी ४.२ किलोवॅटच्या पुढे मिळतील. फेब्रुवारीत पूर्ण १००० चं ऊन आणि २८ अंशांची हवा धरली तरी आकडा ४.८ च्या घरात राहतो. वर्षातल्या काही मोजक्या तासांना थोडी वीज कापली गेली तरी सकाळ-संध्याकाळची वाढ तिला पुरून उरते.

पण पॅनेल वाढवताना वॅटची नाही, व्होल्टेजची भीती बाळगा. वॅट जास्त आले तर इन्व्हर्टर जास्तीचे सोडून देतो, एवढंच. व्होल्टेज जास्त आलं तर तो जळतो, आणि वॉरंटीही हात वर करते. ५५० वॅटच्या पॅनेलचं उघडं, म्हणजे काही जोडलेलं नसतानाचं, व्होल्टेज ५० च्या आसपास असतं आणि थंडीत ते वाढतं. ११ पॅनेल एकाच माळेत जोडली तर १० अंशांच्या पहाटे ५७० व्होल्टपर्यंत जातं. सिंगल फेजच्या बऱ्याच इन्व्हर्टरांची मर्यादा ६०० आहे. बारावं पॅनेल त्याच माळेत घालायला सांगणारा इलेक्ट्रिशियन बदला. महावितरणकडच्या मंजुरीत लिहिलेली क्षमताही आधी पाहा.

शेवटी ॲपवरचा आलेख. निरभ्र दिवसाचा निवडा, ढगाळ दिवसाचा काही कामाचा नाही. घुमटासारखा गोल असेल तर ठीक. माथा बरोबर पाचवर सपाट कापलेला असेल तर इन्व्हर्टर मर्यादेला लागलाय. तो चारवरच सपाट असेल आणि फक्त उन्हाळ्याच्या दुपारी होत असेल, तर बहुधा इन्व्हर्टर तापून स्वतःला आवरतोय. गच्चीवर उघड्या उन्हात भिंतीला ठोकलेल्या इन्व्हर्टरचं हेच होतं. तो सावलीत आणि चारी बाजूंनी हवा लागेल असा हवा. रोज ठरावीक वेळी घुमटाला खाच पडत असेल तर टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली शोधा.

आणि तक्रार करायची तर किलोवॅटवरून नाही, युनिटवरून करा. महाराष्ट्रात दक्षिणेकडे नीट कललेल्या, सावली नसलेल्या पॅनेलांकडून एका किलोवॅट पीकमागे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट धरतात, म्हणजे आपल्या ४,९५० वॅटला २० च्या आसपास. जुलैत हे बरंच खाली येणारच. मार्चमधल्या निरभ्र दिवशीही १५ च्या वर जात नसेल तर आधी पॅनेल धुवा, दोन दिवस थांबा, आणि तरीही तेच असेल तर विक्रेत्याला बोलवा. तो ‘पाच किलोवॅट लावलेत’ म्हणेल. त्यासाठीच कोटेशनवर तीन ओळी वेगळ्या लिहून घ्यायच्या: पॅनेल एकूण किती वॅट, इन्व्हर्टर किती एसी किलोवॅट, आणि वर्षाला किमान किती युनिट.